‘उत्तम’ची उभी रेघ

तारापूर एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या कन्सल्टन्सीच्या कपाटात एक फाइल हमखास असते. तिच्यावर ‘कस्टमर फीडबॅक’ असं लिहिलेलं असतं आणि तिच्यावरची धूळ वर्षातून एकदा, सर्व्हेलन्स ऑडिटच्या आदल्या दिवशी झटकली जाते. आयएसओ ९००१ च्या ९.१.२ या कलमाचं म्हणणं असं, की ग्राहक समाधानी आहे की नाही यावर संस्थेने लक्ष ठेवावं. कलमाने फॉर्म छापा असं कुठेही म्हटलेलं नाही. पण लक्ष ठेवणं ऑडिटरला दाखवता येत नाही, फॉर्म दाखवता येतो. म्हणून दहा प्रश्न आणि ‘उत्तम, चांगले, बरे, असमाधानकारक’ असे चार रकाने छापले जातात, आणि ते क्लायंटच्या कारखान्यात गेटपासचा, चलनाचा आणि मागच्या थकलेल्या बिलाचा विषय काढता काढता पुढे सरकवले जातात. क्लायंट फोनवर बोलत असतो. तो दहा वेळा टिक करत नाही. पेन ‘उत्तम’च्या रकान्याच्या माथ्यावर टेकवतो आणि एक उभी रेघ थेट तळापर्यंत खाली आणतो. वेळेचे पालन, तांत्रिक ज्ञान, कर्मचाऱ्यांची वागणूक, कागदपत्रांची पूर्तता हे सगळं त्या एका रेघेत निकालात निघतं. खाली ‘सूचना’ या मथळ्याखालच्या चार रिकाम्या ओळींवर कोणीतरी ‘NIL’ लिहितं, आणि समाधान मोजून होतं.

इथवर कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. मालकाला, म्हणजे बोईसरच्या एखाद्या गाळ्यात चार खुर्च्या, एक प्रिंटर आणि ‘पर्यावरण, सेफ्टी, फायर, फॅक्टरी लायसन्स, आयएसओ’ अशी भरगच्च पाटी लावून बसलेल्या कन्सल्टंटला, एके दिवशी वाटतं की आपणही मोठ्या कंपन्यांसारखी केस स्टडी करावी. फाइल काढली जाते. वीस फॉर्म, वीस रेघा. त्यातून गुळगुळीत कागदावर निळ्या अक्षरांत वाक्य उतरतं: ‘आमचे १०० टक्के ग्राहक समाधानी.’ सोबत हस्तांदोलनाचं एक चित्र, ज्यातले दोन्ही हात पालघर जिल्ह्यातल्या कुणाचेच नसतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की या फाइलमधल्या ‘उत्तम’च्या रेघांतून पटणारी केस स्टडी कधीच निघत नाही. ती निघते ग्राहकाच्या कुरकुरीतून आणि स्टोअरच्या रजिस्टरमधून. दुर्दैवाने या दोन्ही गोष्टी त्या फाइलमध्ये नसतात.

आधी त्या रेघेला काय माहीत असतं ते पाहू. फॉर्म कधी भरून घेतला, हा पहिला प्रश्न. तो बहुधा काम संपल्यावर नव्हे तर बिल थकल्यावर भरून घेतलेला असतो, आणि या दोन्हींत इथे बरंच अंतर असतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. तो सगळ्यांना पाठ आहे. पण क्लायंटच्या अकाउंट्सला तो दुसऱ्याने आपल्याला पैसे द्यायचे असले की आठवतो. अशा वेळी ज्याने पाच महिने पैसे अडकवलेत, तो फॉर्मवर सर्वांत दिलदार असतो. चेक देता येत नाही, निदान ‘उत्तम’ तरी द्यावं, ही माणुसकी त्यामागे असते. उलट ज्याने पैसे वेळेवर चुकते केले, तो मनमोकळेपणाने ‘बरे’वर टिक करतो, कारण त्याच्यावर कसलंही ओझं नसतं. म्हणजे या भागात अभिप्रायाचा दर्जा आणि वसुलीचा वेग यांचं नातं उलटं असू शकतं. पण कुठल्याही सरासरीत ते दिसणार नाही.

दुसरा प्रश्न, फॉर्म भरला कोणी. सल्ल्याचा परिणाम एका कारखान्यात निदान तीन माणसांवर होतो. ईटीपीवरचा ऑपरेटर रोजचा त्रास किती कमी झाला ते जाणतो. प्लँट मॅनेजरला प्रदूषण मंडळाचे अधिकारी आल्यावर घाम किती कमी फुटला ते ठाऊक असतं. आणि शेठ फक्त एक गोष्ट जाणतो, ती म्हणजे तुमची फी. फॉर्मवर सही मात्र बहुतेक वेळा चौथ्याच माणसाची असते, एचआरमधल्या मुलाची, कारण त्या दिवशी टेबलावर तोच होता. त्याने ‘तांत्रिक ज्ञान: उत्तम’ अशी ग्वाही दिलेली असते. तिसरा प्रश्न त्याहून अडचणीचा. जो क्लायंट मध्येच काम सोडून दुसऱ्या कन्सल्टंटकडे गेला, त्याचा फॉर्म फाइलमध्ये नसतोच. शंभर टक्क्यांतले शंभर म्हणजे जे उरले ते.

आता यावर कोणी म्हणेल, जाहिरातच ती, जराशी चमक चालायचीच. पुण्या-मुंबईत कदाचित चालत असेल. तिथे केस स्टडी वाचणारा आणि केस स्टडीतला क्लायंट यांची गाठ पडण्याची शक्यता कमी. तारापूरची गोष्ट वेगळी आहे. इथे तुमची केस स्टडी वाचणार कोण, तर दोन रस्ते पलीकडच्या प्लॉटमधला प्लँट मॅनेजर. तो आणि तुमचा क्लायंट दोघे सकाळी एकाच डहाणू लोकलने बोईसरला उतरतात. त्यातला एकजण बहुधा आधी दुसऱ्याच्या कंपनीत नोकरीला होता. तुमच्या क्लायंटच्या फिल्टर प्रेसचं कापड कधी फाटलं हे तुम्हाला कळण्याआधी त्याला कळलेलं असतं, कारण त्या कापडाचा सप्लायर दोघांचा एकच. अशा वाचकापुढे ‘सांडपाणी व्यवस्थापनात क्रांतिकारी परिवर्तन’ असं छापून ठेवलं, तर तो कागद वाचत नाही. तो फोन लावतो.

म्हणून केस स्टडीची सुरुवात फॉर्म फाडून करावी लागते, निदान बाजूला ठेवून तरी. ‘आमची सेवा कशी वाटली?’ या प्रश्नाला मराठीत एकच उत्तर आहे, ‘छान’. आपल्याकडे जेवण कसं झालं, लग्न कसं झालं आणि कन्सल्टन्सी कशी झाली या तिन्हींना तेच उत्तर मिळतं. त्याऐवजी ऑपरेटरला विचारावं, आम्ही यायच्या आधी सकाळी ड्यूटीवर आल्यावर पहिलं काय करायचास? मॅनेजरला विचारावं, आम्हाला बोलवायला इतके महिने का थांबलात, आणि मध्ये एकदा काम बंद करायचं मनात आलं होतं ते कशामुळे? शेठला विचारावं, फीचे पैसे कुठून वसूल झाले असं तुम्हाला वाटतं, की झालेच नाहीत? हे प्रश्न तीन माणसांना तीन वेगळ्या ठिकाणी विचारायचे असतात. केबिनमध्ये शेठसमोर ऑपरेटर काहीच बोलत नाही, आणि ऑपरेटरसमोर मॅनेजर फारच बोलतो.

उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे, पण असा कारखाना तारापुरात शोधायला फार चालावं लागणार नाही. समजा एक मध्यम आकाराचं केमिकल युनिट आहे. त्याचं सांडपाणी आम्लधर्मी, पीएच २ च्या आसपास. ते चुन्याने उदासीन करायचं, गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबायचा आणि पाणी पुढच्या टप्प्याला सोडायचं. पीएच मीटर भिंतीवर होतं, पण त्याचं इलेक्ट्रोड कधीचं कोरडं पडलेलं. ऑपरेटर टाकीत चुना ओतायचा तो रंग बघून. रंग पुरेसा पांढरा दिसेपर्यंत पीएच ११ वर गेलेला असायचा, मग तो खाली आणायला वरून ॲसिड. म्हणजे एका चुकीवर पैसे, आणि ती निस्तरायला पुन्हा पैसे. कन्सल्टंटने केलं ते फार भव्य नव्हतं. इलेक्ट्रोड बदललं, ते ४, ७ आणि ९.२ च्या बफरमध्ये तपासायची सवय लावली, आणि एक लिटरच्या बीकरमध्ये रोज जार टेस्ट सुरू केली. बीकरमधल्या पाण्यात चुन्याचं पातळ द्रावण थोडंथोडं घालत जायचं, पीएच ७ ते ७.५ च्या दरम्यान आला की थांबायचं, आणि त्या हिशेबाने टाकीला किती चुना लागेल ते काढायचं. रोज आठ पोती जायची, ती पाचवर आली.

फॉर्मवर या साऱ्याचं ‘उत्तम’ झालं होतं. ऑपरेटरला विचारल्यावर मात्र तो म्हणतो, “आधी पोती मोजायची कशाला? संपली की स्टोअरमधून आणायची.” आणि कुरकुर कोणती, तर “दिवसा जार टेस्ट ठीक आहे, रात्रपाळीला कोण करणार? रात्री मी एकटा असतो.” या दोन वाक्यांचा भाव त्या वीस रेघांपेक्षा जास्त आहे. पहिल्याने वाचणाऱ्या मॅनेजरला आपल्याच शेडमधली चुन्याची थप्पी आठवते. दुसऱ्याने त्याच्या मनातला आक्षेप त्याच्याआधीच कागदावर येतो. कन्सल्टंट मात्र हमखास पहिलं वाक्य ‘प्रक्रियेत शिस्तीचा अभाव होता’ असं धुऊन काढतो आणि दुसरं गाळतो.

 आता आकडे, कारण पटवण्याचा खरा धंदा इथे आहे, आणि फसगतीचाही. समजा आधीच्या तीन महिन्यांची सरासरी महिन्याला १२ टन गाळ, आणि नंतरच्या तीन महिन्यांची ८ टन. कन्सल्टंटच्या डोळ्यांपुढे ‘३३ टक्के घट’ ही अक्षरं मोठ्या टायपात नाचू लागतात. शेजारचा प्लँट मॅनेजर मात्र एकच प्रश्न विचारतो, “प्रॉडक्शन किती होतं?” आधी महिन्याला ६० टन माल निघत होता, नंतर ऑर्डर घटल्याने ५०. म्हणजे टनामागे गाळ २०० किलो होता, तो १६० झाला. ३३ टक्क्यांचे २० झाले. काम तेच, बचत तीच, फक्त बाजारातल्या मंदीचं श्रेय कन्सल्टंटच्या नावावरून काढून मंदीला परत दिलं. चुन्याचंही तसंच. रोजची आठ पोती पाच झाली हे ऐकायला ३७ टक्क्यांहून जास्त वाटतं. पण २५ किलोचं पोतं आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर टनामागे सुमारे ८७ किलोंवरून ६५ किलोंवर आलं, म्हणजे घट २५ टक्के. तेवढीच लिहावी.

गाळाच्या आकड्यात याहून लबाड एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे पाणी. प्रेसमधून निघालेल्या केकमध्ये पाण्याचा वाटा मोठा असतो, आणि पालघरचा पावसाळा कुणाच्या शेडला कोरडं राहू देत नाही. समजा जुलैतल्या गाळात ६५ टक्के पाणी होतं. मग २०० किलोंत कोरडा ऐवज ७० किलो. तोच ७० किलो जानेवारीत शेडखाली वाळून ५५ टक्के पाण्यावर आला, तर वजन भरतं जवळपास १५६ किलो. म्हणजे कन्सल्टंटने बोईसर स्टेशनवर उतरून सरळ परतीची गाडी पकडली असती, तरी २२ टक्के घट झाली असती, आणि तो तर मोठ्या अभिमानाने २० टक्क्यांचाच दावा करतो आहे. या सापळ्यातून सुटायला दोनच वाटा आहेत. एक तर पावसाळ्याची तुलना पावसाळ्याशी करावी, म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी. नाहीतर गाळाचा नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून कोरडं वजन काढावं. दोन्ही जमत नसेल तर गाळाचा आकडा मथळ्यातून खाली उतरवावा आणि चुन्याला वर बसवावं. चुन्याचं पोतं पावसात भिजलं तरी स्टोअरच्या रजिस्टरमध्ये ते एकच पोतं राहतं.

चुना, पोती, गाळ असल्या रूक्ष गोष्टींकडे मी का वळतो आहे? नद्या स्वच्छ झाल्या, समुद्र निळा झाला असं का लिहू नये? यामागे तारापूरची एक खास अडचण आहे, आणि केस स्टडी लिहिणाऱ्या बहुतेकांच्या ती शेवटी, क्लायंटचा आवाज चढल्यावर, लक्षात येते. केस स्टडीचा प्राण ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्यातल्या फरकात असतो. ‘आधी’ जितकं भयंकर, तितका कन्सल्टंट थोर. पण प्रदूषणाच्या धंद्यात ‘आधी’चा आकडा हा क्लायंटचा कबुलीजबाब असतो. ‘आम्ही येण्यापूर्वी या कारखान्याच्या सांडपाण्याचा सीओडी मर्यादेच्या पाचपट होता’ हे वाक्य कन्सल्टंटला प्रशस्तिपत्र वाटतं. बोर्डाला ते आयतं आरोपपत्र वाटेल. आणि तारापूरला अशा बाबतीत आधीच काही कमी लौकिक नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण मिळवून देशात सर्वांत वर होतं. गुण जितके जास्त तितकं प्रदूषण जास्त, असा हा निर्देशांक आहे. पहिल्या क्रमांकाचे पेढे वाटले न गेल्याची ही अलीकडची दुर्मीळ घटना. नवापूरच्या समुद्रात जाणाऱ्या पाण्यावरून मच्छीमारांच्या संघटनेने हरित लवादाकडे दाद मागितली, आणि २०२२ मध्ये लवादाने इथले अनेक कारखाने आणि सामायिक सांडपाणी प्रकल्प चालवणारी संस्था यांच्यावर भरपाई लादली. अशा हवेत आपला जुना सीओडी चकचकीत कागदावर वाटायला कोण तयार होईल?

इथे कुणी चलाखीने सुचवेल, की मग ‘आधी’चा आकडा सौम्य करावा. पाचपट ऐवजी ‘किंचित जास्त’ म्हणावं. तो खोटेपणा तर आहेच, शिवाय त्याने केस स्टडीचा जीवही जातो, कारण किंचित जास्त असलेलं किंचित कमी करायला कन्सल्टंट कशाला हवा? त्याहून बरा मार्ग म्हणजे जो ‘आधी’चा आकडा सरकारला आधीच ठाऊक आहे, तोच घ्यावा. ईटीपीचा गाळ घातक कचऱ्यात मोडत असेल तर तो प्रक्रियेसाठी तळोज्याला जातो. प्रत्येक ट्रकसोबत फॉर्म १० चा मॅनिफेस्ट असतो, वजनकाट्याची पावती असते, आणि वर्षाचा एकूण आकडा ३० जूनपर्यंत फॉर्म ४ मध्ये बोर्डाकडे जातो. म्हणजे ‘महिन्याला १२ टन’ ही कुठली कबुली नाही. ती बोर्डाच्याच फाइलमध्ये कधीची पडून आहे. टाकीतला पीएच ११ हाही आतला मामला. बाहेर जाणाऱ्या पाण्याबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण नंतर ॲसिड घालून तो खाली आणलाच जायचा. बचत दिसते ती चुन्यात, ॲसिडमध्ये आणि तळोज्याच्या टनामागच्या बिलात. गंमत अशी, की शेजारच्या शेठला नेमकी हीच भाषा कळते. समुद्र निळा झाला याचं त्याला कौतुक आहे, पण त्याची एंट्री टॅलीमध्ये कुठे करायची हे त्याला माहीत नसतं.

मग नावाचं काय? ‘तारापूरमधील एक नामांकित केमिकल कंपनी’ हे इथलं लाडकं संबोधन आहे. त्यामागे कुणी लपत नाही. उत्पादनाचा प्रकार, फेज आणि चुन्याची पोती एवढं दिलं, की चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत कंपनीच नव्हे, ऑपरेटरही ओळखला जातो. नाव न छापता सगळं सांगणं म्हणजे नाव छापण्यापेक्षा वाईट, कारण त्यात परवानगी नसते. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेतही म्हटलंय, की एखाद्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या ज्या उल्लेखाने जाहिरातीतल्या मालाला गैरवाजवी फायदा मिळतो किंवा तिची नाचक्की होते, तो तिच्या परवानगीशिवाय करू नये. म्हणून दोनच प्रामाणिक पर्याय उरतात. एक, नाव घालायचं आणि लेखी संमती घ्यायची, तीही एचआरच्या मुलाची नव्हे, ज्याला कंपनीच्या वतीने सही करायचा अधिकार आहे त्याची. दुसरा, नाव टाळायचं आणि मग ओळख पटवणारे तपशीलही टाळायचे: उत्पादनाचं नाव, फेज, प्लॉट, नेमकं टनेज. अशा वेळी टनांऐवजी टनामागचे किलो द्यावेत. त्यातून कारखान्याचा आकार कळत नाही, आणि आकार कळला नाही की टपरीवरचा तर्क अडतो. उत्पादनाचा हिशेब मांडताना जे गणित आपण प्रामाणिकपणासाठी केलं, तेच इथे गोपनीयतेसाठी उपयोगी पडतं. एका गणिताला दोन फायदे, हे कन्सल्टन्सीत क्वचितच घडतं.

आता राहिला तो आक्षेप, की एवढ्या लहान संस्थेकडे ईटीपीचे सहा-सात क्लायंट, त्यातला एक निवडून त्याची गोष्ट सांगायची, यात पुरावा कसला? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच ‘आमच्याकडे आलेल्या क्लायंटची सरासरी बचत २५ टक्के’ असं कधी लिहू नये. सहांची सरासरी काढता येते, पण तिच्या भरवशावर सातव्याला काही सांगता येत नाही. केस स्टडीकडून वाचक सरासरी मागतच नाही. तो पाहतो की घडलं कसं, आणि त्यातलं काय माझ्याकडे घडू शकेल. आम्लधर्मी पाणी, हाताने टाकला जाणारा चुना आणि मेलेलं पीएच मीटर या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत, त्याला ही गोष्ट लागू. ज्याचं पाणी मुळातच आम्लधर्मी नाही, किंवा जो आधीपासून कॉस्टिक वापरतो, त्याला लागू नाही. कॉस्टिकने गाळ कमी होतो, पण कॉस्टिक महाग पडतो, तिथे हिशेब वेगळा. हे ‘कुणाला लागू नाही’ एका ओळीत लिहून टाकलं, की जे लागू आहे त्याचं वजन वाढतं. विक्रीचा माणूस ही ओळ पाहून दचकतो. त्याला वाटतं, आपण गिऱ्हाईक हाकलतो आहोत. प्रत्यक्षात त्याने फक्त ते गिऱ्हाईक हाकललेलं असतं, ज्याने चार महिन्यांनी ‘तुमच्या सल्ल्याचा काही उपयोग झाला नाही’ असं सगळ्या एमआयडीसीला सांगितलं असतं.

रात्रपाळीची कुरकुरही याच न्यायाने आत राहते. तिथे खोटा शेवट जोडायचा मोह फार होतो, की ‘रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षण देऊन ही समस्या सोडवण्यात आली.’ सोडवण्यात आली नव्हती. रात्री ऑपरेटर एकटाच असतो आणि तो अजूनही रंग बघून चुना टाकतो. जे झालं ते एवढंच, की रात्रीचं पाणी शक्य तितकं इक्वलायझेशन टाकीत धरून ठेवायचं आणि सकाळच्या जार टेस्टनंतर त्यावर प्रक्रिया करायची. टाकी पहाटेपर्यंत भरली तर मात्र जुनीच पद्धत. हे तसंच लिहावं. वाचणाऱ्या मॅनेजरच्याही टाक्या पहाटे भरतात.

या सगळ्याला जागा लागते दोन पानं, तिसरं नाही. पहिल्या पानावर परिस्थिती, ऑपरेटरचं पोत्यांचं वाक्य त्याच्याच शब्दांत, आणि नेमकं काय केलं ते. दुसऱ्यावर टनामागचे दोन आकडे, ते कुठल्या महिन्यांचे आणि कुठल्या कागदावरून घेतले ते, रात्रपाळीची अडचण, आणि कुणाला लागू नाही ती ओळ. हस्तांदोलनाच्या चित्राला जागा उरत नाही, हा आपोआप झालेला फायदा.

मग मसुदा क्लायंटकडे मंजुरीला जातो, आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. कन्सल्टंटने इतक्या कष्टाने बाहेर काढलेली फुगवाफुगवी क्लायंट स्वतः आत घालून पाठवतो. ‘पोती मोजत नव्हतो’ या वाक्यावर लाल रेघ येते, कारण त्याने कंपनीची अब्रू जाते. शेजारी ‘जागतिक दर्जाचे सांडपाणी व्यवस्थापन’ असे शब्द सुचवलेले असतात. यावर भांडू नये. लाल रेघ मान्य करावी, ते वाक्य खरोखर त्याचंच आहे. फक्त त्याला विचारावं की त्याऐवजी ऑपरेटरचं नाव काढून ‘चुन्याच्या वापराची नोंद होत नव्हती’ एवढं ठेवलं तर चालेल का. बहुतेक वेळा चालतं. ‘जागतिक दर्जाचे’ हे शब्द मात्र त्याच्याच अब्रूसाठी नम्रपणे परत करावेत, कारण ते वाचून शेजारचा मॅनेजर हसेल तो त्याच्यावर, आपल्यावर नव्हे. मंजूर झालेल्या शेवटच्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घ्यावी आणि ती प्रत ‘कस्टमर फीडबॅक’च्याच फाइलमध्ये लावावी. ऑडिटरलाही वीस रेघांनंतर काहीतरी वाचायला मिळतं.

यानंतरही शेजारचा मॅनेजर फोन लावणारच, तो काही कागदावर विसंबून राहणारा प्राणी नाही. तो तुमच्या क्लायंटला विचारतो, “ते चुन्याचं खरंय का?” पलीकडून उत्तर येतं, “हो, खरंय. पंचवीस टक्के पकडा, जास्त नाही. माणसं कामाची आहेत. एकच त्रास आहे त्यांचा.” मॅनेजर कान टवकारतो. “बिल फार वेळेवर पाठवतात.”